खिडकीपाशी बसवू नका

मॅडम, आम्ही सोलापूरला अशोक चौकात राहतो. मुलगा ९ वर्षांचा, मराठी शाळेत चौथीत आहे. तीन महिन्यांचा असल्यापासून त्याचे डोळे डावी-उजवीकडे हलतात. मोठ्या दवाखान्यात ऑक्युलर अल्बिनिझम सांगितलं. प्लस अडीचचा चष्मा आहे, सिलिंडरचाही नंबर आहे, तरी ६/३६ च दिसतं. बाई म्हणतात तिरका बघतो, पुस्तक नाकाला लावतो. उजेड मिळावा म्हणून त्यांनी खिडकीपाशी बसवलं, तर आता रोज डोकं दुखतं म्हणतो. काळा गॉगल घेऊन दिला, तो शाळेत चालत नाही. आमचे हे म्हणतात ऑपरेशन करून टाकू. सासूबाई म्हणतात हा कोडाचा प्रकार. माझ्या भावाचेही डोळे असेच हलतात. पुढे दिसायचं बंद होईल का? जूनमध्ये पाचवीला नवीन शाळा आहे, तिथे काय सांगू?
— एक आई, सोलापूर

ताई,

आधी खिडकीचं बघा, बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल. उद्याच शाळेत जाऊन त्याची जागा बदलून घ्या. बाईंचा हेतू चांगलाच होता. कमी दिसणाऱ्या बऱ्याच मुलांना उजेड वाढवला की बरं दिसतं. तुमच्या मुलाचं मात्र उलटं आहे.

आपल्या डोळ्यात बाहुलीभोवती जो रंगीत भाग असतो, तो खरं तर पडदा आहे. उजेड फक्त मधल्या भोकातून आत यावा, बाजूने येऊ नये, एवढंच त्याचं काम. त्याच्या पेशींत रंगद्रव्य भरपूर असलं की तो जाड सोलापुरी चादरीसारखा काम करतो. ऑक्युलर अल्बिनिझममध्ये डोळ्यातलं हे रंगद्रव्यच कमी पडतं आणि तीच चादर मलमलीची होते. उजेड बाहुलीतूनही येतो आणि पडद्यातूनही झिरपतो. डोळ्याच्या आतलं अस्तरही फिकं असल्यामुळे आत आलेला उजेड तिथे शोषला जात नाही, इकडून तिकडे विखुरतो. दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत बाहुलीतून बारीक झोत टाकतात, तेव्हा ह्या मुलांचा रंगीत भाग ठिकठिकाणी आतून तांबूस उजळलेला दिसतो. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा तेही बघितलं असेल.

म्हणजे खिडकीसमोर बसलेल्या त्या मुलाला फळा धुक्यातून दिसतो, आणि दिवसभर डोळे किलकिले करून कपाळ आवळून बसल्यावर डोकं दुखणारच. त्यात आपल्याकडे मार्च लागला की सकाळची शाळा. सकाळी आठला पूर्वेकडून येणारं तिरपं ऊन सरळ बाकावर आणि फळ्यावर पडतं. मी सोलापूरचीच आहे, ते ऊन मला माहीत आहे.

आता तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न. दिसायचं बंद होईल का? ह्या आजारामुळे नाही. हा वाढत जाणारा आजार नव्हे. डोळ्यांचं हलणं वयाबरोबर बहुधा थोडं कमीच होतं. चष्म्याचा नंबर इतर मुलांसारखा बदलेल, म्हणून दर वर्षी तपासा. पण चष्मा लावूनही दिसणं पूर्वीपेक्षा अचानक कमी झालं, तर ते ह्या आजाराच्या खात्यावर टाकून घरी बसू नका. त्याचं कारण वेगळं असेल, ते शोधायला लागेल.

मग चष्मा असूनही ६/६ का नाही? कारण डोळ्याच्या आत मागे आणखी एक पडदा असतो, चष्मा चित्र नेमकं त्याच्यावर आणून सोडतो, पण तो पडदाच पुरता घडलेला नाही. ह्या मागच्या पडद्यावर मध्यभागी एक छोटा खळगा असतो, अक्षर ओळखणं, सुईत दोरा ओवणं सगळं त्याच्या जोरावर चालतं. बाळ पोटात असताना आणि जन्मानंतरची काही वर्षं तो घडत असतो. तिथलं रंगद्रव्य कमी असलं की तो अर्धवट राहतो. शिवाय डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांचे धागे वाजवीपेक्षा जास्त संख्येने पलीकडच्या बाजूला जातात, त्यामुळे दोन डोळ्यांची चित्रं नीट जुळत नाहीत आणि खोलीचा अंदाज चुकतो. पायरी उतरताना तो चाचपडत असेल, अंगावर आलेला चेंडू हुकत असेल, तर कारण हे. गाजराचा रस, डोळ्यांचे व्यायाम, थेंब, ह्यांपैकी कशानेही हा खळगा घडत नाही. गाजर खायला घाला, पण गाजर म्हणून.

चष्म्याने पूर्ण दिसत नाही म्हणून चष्मा काढून ठेवू देऊ नका. त्याचा नंबर प्लसचा आहे. जवळचं वाचायला डोळ्याला आधीच जोर लावावा लागतो, चष्मा काढला की त्यात अडीच नंबरचा जोर आणखी. संध्याकाळी गृहपाठाला बसल्यावर मूल चिडचिड करतं ते पुष्कळदा ह्यानेच.

ऑपरेशनचं यजमानांना असं सांगा. एक शस्त्रक्रिया असते, ती डोळे हलवणाऱ्या स्नायूंची. मान फारच वाकडी राहत असेल तर ती सरळ व्हावी म्हणून करतात. तिने फळा आणखी स्पष्ट दिसेल ह्या आशेवर करू नये. मान किती वाकडी होते हे बघूनच तो निर्णय होतो, आणि त्यासाठी हे 'तिरकं बघणं' काय आहे ते समजून घ्यायला हवं. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे.

हलणारे डोळे प्रत्येक दिशेला सारखे हलत नाहीत. कुठल्या तरी एका कोनात ते बरेच शांत होतात, आणि तिथेच मुलाला सगळ्यात स्पष्ट दिसतं. मूल हे कुणी न शिकवता शोधून काढतं. चेहरा एका बाजूला वळवतं आणि डोळे दुसऱ्या बाजूला नेतं. 'सरळ बघ' म्हणून हनुवटी धरून चेहरा फिरवला, तर त्याची सापडलेली चावी आपण काढून घेतो. बाईंना हे पहिल्या दिवशी सांगा. पुस्तक नाकाला लावण्याचंही तसंच. जवळ धरल्याने अक्षर मोठं होतं, आणि जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळतात तेव्हा ह्यांपैकी पुष्कळ मुलांचं हलणं कमी होतं. त्याने डोळे बिघडत नाहीत. बिघडते ती पाठ, म्हणून पुस्तक तिरप्या पाटीवर उभं ठेवायची सोय करा. घरात भिंतीला टेकवलेला पाट किंवा रायटिंग पॅडखाली दोन वह्या ठेवल्या तरी भागतं.

त्याचा शांत कोन कुठे आहे, हे तुम्ही घरीच काढू शकता. त्याला खोलीच्या एका टोकाला बसवा. दुसऱ्या टोकाला भिंतीवर कॅलेंडर टांगा आणि त्यातली तारखेखालची बारीक अक्षरं वाचायला सांगा, जेमतेम वाचता येतील एवढ्या अंतरावरून. सोपं दिलं तर तो चेहरा वळवणारच नाही. कॅलेंडरशेजारी उभं राहून समोरून मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्याने मिनिटभर शूटिंग करा. सेल्फीचा कॅमेरा नको, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं आणि पुढचं सगळं चुकतं. हे तीन वेगळ्या दिवशी करा. मग बघा, चेहरा त्याच्या स्वतःच्या कुठल्या हाताकडे वळतो. तीनही दिवस एकाच बाजूला वळत असेल तर कोन पक्का. कधी इकडे, कधी तिकडे असेल तर जागेसाठी त्याचा उपयोग नाही, तेव्हा फक्त पुढचं आणि मधलं बाक बघा.

समजा चेहरा त्याच्या उजव्या हाताकडे वळतो. म्हणजे डोळे डावीकडे जातात आणि तिथे शांत होतात. मग त्याला वर्गात फळ्याकडे तोंड करून बसल्यावर उजवीकडच्या रांगेत बसवा. फळा आपोआप त्याच्या डावीकडे येईल, डोळे डावीकडे जातील आणि मान सरळ राहील. चेहरा डावीकडे वळत असेल तर ह्याच्या उलट. एवढ्या एका बदलाने दिवसाअखेर मान दुखायची थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. मात्र त्या बाजूला खिडकी असेल तर खिडकी त्याच्या पाठीमागे पडेल अशी जागा निवडा. तेही जमत नसेल तर खिडकीला जाड पडदा लावायची परवानगी मागा. सोलापुरात चादरीला तोटा नाही, आणि आपली जुनी जाड चादर उन्हाला चांगली अडवते.

आता पुढच्या बाकाचं. 'पुढे बसवा' म्हटलं की शाळा तिसऱ्या बाकावर बसवते आणि म्हणते, पुढेच आहे की. म्हणून अंतर मीटरमध्ये सांगा. ६/३६ चा अर्थ असा, की चांगल्या डोळ्याला जे अक्षर ३६ मीटरवरून ओळखता येतं ते तुमच्या मुलाला ६ मीटरवर यावं लागतं. मोजमापात मांडलं तर ६ मीटरवर त्याला सुमारे ५ सेंटीमीटर उंचीचं अक्षर जेमतेम ओळखू येतं. अंतर अर्ध्यावर आणलं की अक्षरही अर्ध्या उंचीचं चालतं, म्हणजे ३ मीटरवर अडीच सेंटीमीटर. २ मीटरवर पावणेदोन.

बाई फळ्यावर साधारण ५ सेंटीमीटरचं अक्षर काढत असतील, घरून पट्टी नेऊन एकदा मोजाच. मागच्या बाकावरून म्हणजे ६ मीटरवरून हे अक्षर त्याच्या अगदी कडेला आहे. एखादं सुटं अक्षर ओळखेल, पण वाक्य वाचून वहीत उतरवायला कडेवरची नजर पुरत नाही, जेमतेम दिसणाऱ्या अक्षराच्या दुप्पट-तिप्पट मोठं लागतं. ४ मीटरवर दीडपटही होत नाही. २ मीटरवर ते जवळजवळ तिप्पट होतं. म्हणून शाळेला 'पुढे' न म्हणता 'फळ्यापासून २ मीटरच्या आत' असं सांगा. आणि ह्यात आपल्या लिपीचा एक खोडसाळपणा आहे. अक्षर ५ सेंटीमीटरचं असलं तरी अनुस्वार बोटाच्या टोकाएवढाच असतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ह्यांच्यातला फरक एका बारीक रेघेचा किंवा गाठीचा. तो 'संख्या'चं 'सख्या' लिहितो म्हणून शुद्धलेखनात गुण कापले जात असतील, तर त्याची वही काढून बघा. घरी तोंडी विचारलेला शब्द तो बरोबर लिहितो आणि फळ्यावरून उतरवलेला चुकवतो का? तसं असेल तर ती चूक शुद्धलेखनाची नाही.

वेळेचंही तसंच आहे. डोळे हलताना अक्षरावर नीट टेकतात ते क्षणभर, मग सरकतात, पुन्हा येतात. त्याला जग हलताना दिसत नाही, हे लक्षात घ्या, मेंदू ते सांभाळून घेतो. विचारलंत तर 'नाही हलत' म्हणेल आणि खरंच सांगत असेल. पण ओळखायला वेळ लागतो. दमल्यावर, रागावल्यावर, परीक्षेच्या धसक्यात हलणं वाढतं आणि तेवढंच दिसणं कमी होतं. 'नीट बघ ना!' असं कुणी मोठ्याने म्हटलं की त्याला खरोखरच आणखी कमी दिसतं.

गॉगलबद्दल शाळेचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. काळा गॉगल वर्गात घातला तर चकाकी जाते, पण फळ्यावरची खडूची रेघही अंधारते. त्याला दोन चष्मे लागतील. एक वर्गाचा, त्याच्या नंबरचा, अगदी हलक्या तपकिरी किंवा करड्या छटेचा. लांबून बघणाऱ्याला तो साधाच चष्मा वाटतो, त्यामुळे गणवेशाचा वाद उरत नाही. दुसरा बाहेरचा, गडद, कानापर्यंत वळलेला, म्हणजे बाजूने आणि वरून ऊन शिरणार नाही. तो नंबरचा करा, किंवा चष्म्यावरून घालता येणारा घ्या. बाहेरच्या काचेसाठी दुकानात श्रेणी ३ मागा. त्यातून १०० पैकी ८ ते १८ भाग उजेड आत येतो. श्रेणी ४ त्याहून काळी, ती रस्त्यावर वापरायची नाही.

काळेपणा आणि अतिनील किरण अडवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूव्ही ४०० लिहिलेली स्वच्छ काच सगळे अतिनील किरण अडवू शकते, आणि रस्त्यावरची काळीकुट्ट काच काहीच अडवत नसेल. उलट काळोखात बाहुली मोठी होते, म्हणून तसली काच आणखी वाईट. चष्मेवाल्याकडे काच तपासायचं छोटं यंत्र असतं, तुम्ही घेतलेला गॉगल आधी त्यावर ठेवून बघा. कदाचित चांगला निघेल.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा दुकानदार आग्रहाने दाखवेल. वर्गाबाहेर जाताच काळ्या, आत येताच पांढऱ्या, ऐकायला फारच छान. त्यांची अडचण तापमान आहे. ह्या काचा थंडीत जास्त काळ्या होतात आणि उष्णतेत कमी. महाबळेश्वरला डिसेंबरात उत्तम चालतील. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना, नेमकी गरज असते तेव्हा, त्या अर्ध्यावर थांबतात. शिवाय मैदानातून वर्गात आल्यावर पूर्ण उजळायला काही मिनिटं घेतात, तोवर तास सुरू झालेला असतो. त्याच पैशांत दोन साधे चष्मे होतात.

छटा निवडायची ती दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही. दुपारी बारा-एकला जा, चार-पाच छटांचे नमुने घेऊन त्याला दुकानाबाहेर उन्हात उभं करा आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगा. कोणत्या छटेत डोळे जास्त उघडतो ते बघा. तोंडाने काय सांगतो त्यापेक्षा कपाळाच्या आठ्या जास्त खरं सांगतात. आणि टोपी. गांधी टोपीला पुढे छज्जा नाही, तिचा उपयोग नाही. पुढे चांगला रुंद छज्जा असलेली टोपी लागते, आणि मैदानावर, प्रार्थनेला, सहलीला ती घालायची परवानगी लेखी घ्या. गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजाच्या मिरवणुकीत सगळीकडे पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या असतात, त्यावर जानेवारीचं ऊन पडलं की चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही हात आडवा धरावा लागतो. ह्या मुलाला तेव्हा फक्त पांढरं दिसत असतं. तो 'मला नाही जायचं' म्हणाला तर हट्टीपणा समजू नका, टोपी आणि गडद चष्मा द्या आणि मग विचारा.

कातडीचं. सासूबाईंना सांगा, हे कोड नव्हे. कोडात आधी असलेला रंग नंतर डागाडागाने जातो. हा प्रकार जन्मापासूनचा आणि मुख्यतः डोळ्यांपुरता आहे. त्वचा आणि केस भावंडांपेक्षा थोडे उजळ असू शकतात, इतकंच. म्हणून त्वचेची काळजी इतर मुलांइतकी पुरते: ११ ते ४ उन्हात उगाच नको, बाही लांब, सहलीला जाताना चेहरा, कान आणि मानेला एसपीएफ ३० चं मलम. पण त्याची कातडी थोड्या उन्हातही लाल होऊन सोलवटत असेल, केस आणि पापण्या घरातल्या सगळ्यांहून खूप फिक्या असतील, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. डोळे आणि त्वचा दोन्हींचा अल्बिनिझम कधी कधी सौम्य असतो आणि डोळ्यांपुरताच वाटतो. किरकोळ मार लागून मोठे काळे-निळे डाग पडत असतील किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर तेही न विसरता सांगा. अल्बिनिझमच्या एका विरळ प्रकारात रक्त गोठायला अडचण असते.

भावाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण निदानाला तोच मोठा पुरावा आहे. ऑक्युलर अल्बिनिझमचा नेहमी आढळणारा प्रकार आईकडून मुलाकडे येतो. दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आईकडे दोन एक्स असतात, त्यातला चांगला तिला सांभाळून घेतो. मुलाकडे एकच. म्हणून मामा आणि भाचा, मधली आई ठणठणीत. तुम्ही काही खाल्लं, ग्रहणात बाहेर गेलात, असलं काही नाही. डोळ्याचे थेंब टाकून तुमचा मागचा पडदा तपासला तर त्यावर चिखलाचे शिंतोडे उडावेत तसे गडद-फिके चट्टे दिसू शकतात, त्याने निदान पक्कं व्हायला मदत होते. एकदा तपासून घ्या. तुम्हाला मुलगी असेल तर तिच्याकडे हा दोष असण्याची शक्यता निम्मी, आजारी नाही, वाहक. हे आत्ता सांगते कारण आपल्या भागात मामा-भाचीची लग्नं अजून ठरतात. मामाला हा आजार असेल आणि भाची वाहक असेल, तर त्यांच्या मुलींनाही डोळ्यांचा हा त्रास होऊ शकतो. एरवी मुली सहसा सुटतात. तसं काही घरात चर्चेत असेल तर आधी भाचीची तपासणी आणि जनुकीय सल्ला.

आता कागदपत्रं, कारण जून लांब नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी चष्मा लावून चांगल्या डोळ्याला किती दिसतं ते मोजतात. दोन्ही डोळ्यांना चष्म्यासह ६/२४ ते ६/६० च्या दरम्यान दिसत असेल तर सरकारी तक्त्याप्रमाणे ४० टक्के अपंगत्व येतं आणि सवलतींची हद्द ४० टक्क्यांचीच आहे. अर्ज swavlambancard.gov.in वर भरायचा, तपासणी आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात.

तपासणीच्या वेळी एक गोष्ट तोंडाने सांगा. ही चूक मी स्वतः केलेली आहे. मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात अशाच एका मुलाचा एक डोळा झाकून दुसरा तपासला आणि ६/६० लिहिलं. आई म्हणाली, "घरी तर ह्याहून चांगलं दिसतं." मी तिला समजूत घातली. माझ्या वरिष्ठांनी त्याचे दोन्ही डोळे उघडे ठेवून पुन्हा वाचायला लावलं, तर ६/२४. ह्या मुलांचा एक डोळा झाकला की दुसऱ्याचं हलणं वाढतं. म्हणून हाताने झाकायच्या ऐवजी दुसऱ्या डोळ्यासमोर जाड प्लसची काच धरून तो फक्त धूसर करतात. प्रमाणपत्राला एकेका डोळ्याचा आकडा लागतो, शाळेला दोन्ही डोळे उघडे असतानाचा. दोन्ही लिहून मागा. चेहरा हवा तसा वळवू द्या, हेही सांगा.

नव्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा लांबलचक आजाराची कहाणी सांगू नका, अर्धं पान हातात द्या. मी असं लिहीन:

"माझ्या मुलाला चष्म्यासह लांबचं ६/३६ दिसतं. चष्म्याने ह्याहून वाढत नाही. कृपया त्याला फळ्यापासून २ मीटरच्या आत, उजवीकडच्या रांगेत, खिडकी पाठीमागे येईल असं बसवावं. तो चेहरा वळवून आणि पुस्तक जवळ धरून वाचतो, ते त्याला करू द्यावं. फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी मोठ्याने वाचत लिहावं. वर्गात हलक्या छटेचा चष्मा, बाहेर गडद चष्मा आणि टोपी घालण्याची परवानगी असावी. चाचणीचा पेपर मोठ्या अक्षरात आणि जादा वेळ मिळावा."

'उजवीकडच्या'च्या जागी तुमच्या शूटिंगमधून निघेल ती बाजू लिहा. ह्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वाक्य मोठ्याने वाचत लिहिण्याचं आहे. त्याने साठ मुलांच्या वर्गात कुणाचंच नुकसान होत नाही. कुणी 'नियमात बसत नाही' म्हणालं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची कलमं १६ आणि १७ दाखवा. शाळेने गरजेप्रमाणे सोयी करून देणं आणि परीक्षेत जादा वेळ देणं त्यात आहे. केंद्राच्या परीक्षाविषयक सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. मोठ्या अक्षरातल्या पाठ्यपुस्तकांसाठी आणि फिरत्या विशेष शिक्षकांसाठी शाळेमार्फत समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेकडे नाव नोंदवायला सांगा, ते नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात.

चाचणीच्या पेपरचं तर झेरॉक्सच्या दुकानातच भागतं. ए-फोर कागद ए-थ्रीवर १४१ टक्क्यांनी मोठा करून काढा. मूळ प्रतीवरूनच काढा, झेरॉक्सची झेरॉक्स नको. राखाडी पडलेलं मोठं अक्षर त्याला काळ्याभोर लहान अक्षरापेक्षा कठीण जातं. स्पर्धापरीक्षेत गोल काळे करायची उत्तरपत्रिका असते, तिथे ह्या मुलांची ओळ चुकते आणि मग पुढची सगळी उत्तरं एक-एक घर सरकतात. ओळीखाली पट्टी धरून भरायची सवय आत्तापासून लावा.

खेळात क्रिकेटचा हट्ट त्याचा असेल तर पिवळा चेंडू द्या आणि फलंदाजीपेक्षा गोलंदाजी. कबड्डी-खोखोत त्याला अडचण बरीच कमी येईल, मात्र मैदानावरचा तास सकाळचा असावा.

सहा-आठ महिन्यांनी, नव्या वर्गात रुळला की, त्याला एका डोळ्याला लावायच्या छोट्या दुर्बिणीवर बसवा. चारपट मोठं दाखवणारी, मुठीत मावते. हिशेबाने ६/३६ चं ६/९ व्हायला हवं, डोळे हलतात म्हणून तितकं होत नाही, पण मागच्या बाकावरून फळा, एसटीची पाटी आणि स्टँडवरचं वेळापत्रक त्याचं तो वाचू शकतो. तिच्यातून एका वेळी फळ्याचा फार लहान तुकडा दिसतो, त्यामुळे सुरुवातीला ती हातात देऊन उपयोग होत नाही. आधी दुर्बीण न लावता पाटी कुठे आहे ते शोधायचं, नाक तिच्याकडे करायचं, मग चेहरा न हलवता दुर्बीण डोळ्याला लावायची. ज्या डोळ्याला बरं दिसतं त्याला, आणि दुसरा न मिटता. मिटला तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. घरी टीव्हीखालच्या पट्टीवरच्या बातम्या वाचायचा खेळ करा, रोज दहा मिनिटं. महिन्याभरात हात बसतो.

शूटिंग केलंत की कुठली बाजू निघाली ते कळवा.